कॅम्पस ड्राइव्हची नोटीस: वेळ उलटी मोजा, कागदपत्रं फेरीनुसार मागा

प्रश्न: आमचं कॉलेज बीडजवळ आहे, इंजिनिअरिंगचं. या वर्षी प्लेसमेंट सेलचा चार्ज माझ्याकडे आलाय. वाळूजच्या एका कंपनीचा पूल ड्राइव्ह आमच्याकडे होणार आहे, आसपासच्या कॉलेजांची मिळून १६० मुलामुलींची नोंदणी झाली आहे. जुन्या नोटिशीत ‘सकाळी ८.३० वाजता सर्व मूळ कागदपत्रांसह फॉर्मल ड्रेसमध्ये हजर राहावे’ एवढंच लिहिलेलं सापडलं. हजेरीची वेळ, कागदपत्रं आणि कपडे यांबद्दल नेमकं काय लिहावं?

उत्तर:

नोटीस लिहायला बसण्याआधी कंपनीच्या एचआरला फोन करा आणि जे ठरेल ते मेलवर पक्कं करून घ्या. चार गोष्टी विचारा. त्यांचं सादरीकरण किती वाजता सुरू होईल? परीक्षा किती मिनिटांची आहे आणि ती कॉम्प्युटरवर आहे की कागदावर? परीक्षेत ठरावीक गुणांच्या वरचे सगळे पुढे जातात, की सगळ्यांचे गुण लावून वरचे ठरावीक जण घेतले जातात? मुलाखतीला किती पॅनल बसतील? तुमची हजेरीची वेळ या चार उत्तरांतून निघते, अंदाजाने ठरवायची नसते.

साडेआठ ही वेळ कुठून येते हे मला माहीत आहे. कंपनी दहाला येणार, मुलं उशीर करणार, म्हणून दीड तास आधीची वेळ टाकायची. आपल्या भागात हे चालत नाही. पाटोदा, धारूर, केज, वडवणीकडच्या गावातला मुलगा मुक्कामी गाडीने निघतो. ती पहाटे सुटली तरी तालुक्याला पोचून पुढची एसटी पकडेपर्यंत बीडला साडेनऊ होतात. त्याला साडेआठला येणं शक्यच नसतं. जी मुलं साडेआठला येतात ती रिकाम्या पोटी दोन तास पायरीवर बसतात, आणि पुढच्या ड्राइव्हला तीही नोटिशीतल्या वेळेत तास मिळवून निघतात. एकदा ही सवय लागली की तुमच्या कोणत्याच वेळेवर मुलांचा विश्वास राहत नाही. म्हणून नोटिशीत खरी वेळ लिहा आणि तीच पाळा.

आता तुमचाच दिवस मांडून बघू. वाळूजहून बीडला यायला कंपनीच्या लोकांना तीन तास धरा. सादरीकरण साडेदहाला ठेवू या का, असं विचारलं तर बहुतेक एचआर आनंदाने हो म्हणतात, कारण त्यांनाही पहाटे निघायचं नसतं. ते चाळीस मिनिटं चालेल. परीक्षा कॉम्प्युटरवर आणि एक तासाची आहे असं धरतो. तुमच्या दोन लॅब मिळून ६० कॉम्प्युटर असतील, तर एका बॅचला ५४च मुलं बसवा. परीक्षेच्या मधोमध एखादं मशीन बंद पडतंच, तेव्हा उठवून दुसरीकडे बसवायला सहा मशीन मोकळी हवीत. ५४च्या तीन बॅच म्हणजे १६२ जागा, तुमची १६० मुलं त्यात बसतात. पहिली बॅच साडेअकरा ते साडेबारा, दुसरी पाऊण ते पावणेदोन, तिसरी दोन ते तीन. मधली पंधरा मिनिटं लॉगिन बदलायला आणि मुलं आतबाहेर करायला लागतात, ती कापू नका.

मुलाखतीला तीन पॅनल आहेत, एका मुलाखतीला बारा मिनिटं लागतात आणि ४८ मुलं पुढे जातात असं धरा. एका पॅनलकडे सोळा मुलं येतात, म्हणजे तीन तास बारा मिनिटं. तीनही बॅचचा निकाल एकदम साडेतीनला लावून मग मुलाखती सुरू केल्या, तर शेवटचा मुलगा पावणेसातला बाहेर पडतो. तेव्हा धारूरच्या मुलीच्या गावची शेवटची गाडी गेलेली असते. घरचे दुपारपासून फोन करत असतात, आणि मुलाखत न देताच निघून जाणाऱ्या मुली प्रत्येक ड्राइव्हमध्ये असतात. नोटिशीत सुटायची वेळ नसते म्हणून हे होतं.

इथे एचआरला विचारलेला तिसरा प्रश्न कामाला येतो. कंपनीने गुणांची रेषा आधीच ठरवलेली असेल, तर प्रत्येक बॅचचा निकाल अर्ध्या तासात लावून मुलाखती लगेच सुरू करता येतात. पहिल्या बॅचमधून सोळा जण आले असं धरा. तीन पॅनलमध्ये वाटल्यावर कुणाकडेही सहापेक्षा जास्त येत नाहीत, म्हणजे ७२ मिनिटं. एक वाजता सुरू केलं तर सव्वादोनपर्यंत पहिली बॅच संपते, दुसरी सव्वादोन ते साडेतीन आणि तिसरी साडेतीन ते पावणेपाच. पॅनलचं जेवण मात्र साडेबारालाच उरकून घ्यावं लागेल. मुलं तीच, पॅनल तीच, पण दोन तास आधी दिवस संपतो. वरचे ठरावीक जण घेण्याची पद्धत असेल तर हे जमणार नाही. तेव्हा नोटिशीत ‘संध्याकाळी सातपर्यंत थांबावे लागेल’ असं स्पष्ट लिहा आणि मुलींसाठी वसतिगृहात रात्रीची सोय आधी करून तीही नोटिशीत टाका. रेक्टरशी त्याच दिवशी सकाळी बोलून हे होत नाही.

दुरून येणाऱ्यांना कोणती बॅच द्यायची हा प्रश्न राहतो. तिसरी दिली तर सकाळी धावपळ नाही, पण परत जायला उशीर. पहिली दिली तर गाडी चुकली की संपलं. मी त्यांना दुसऱ्या बॅचमध्ये घालतो आणि त्या बॅचच्या मुलाखतींत त्यांचा क्रमांक आधी लावायला पॅनलला सांगतो. कॉलेजच्या वसतिगृहातली मुलं पहिल्या बॅचला आणि शहरातली तिसऱ्या बॅचला. नोंदणीच्या वेळी गाव विचारून ठेवलं तर ही यादी अर्ध्या तासात तयार होते. पूल ड्राइव्ह असल्यामुळे बाहेरच्या कॉलेजची मुलं मागे ढकलली गेली असं वाटू देऊ नका, बॅचची यादी त्या कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्याकडे आधी पाठवा.

हजेरीची वेळ काढायची तर गेटवर एका मुलामागे किती वेळ जातो ते मोजा. कागदपत्रं तपासून आत सोडायचं ठरवलं, तर मूळ गुणपत्रक बघ, झेरॉक्स लाव, नाव जुळव, सही घे, यात तीन मिनिटं सहज जातात. १६० मुलांची ४८० मिनिटं झाली. चार टेबलं लावली तरी दोन तास. जुन्या नोटिशीतली साडेआठ बहुधा अशीच आली असेल. गेटवर फक्त ओळखपत्र बघून यादीत खूण केली आणि बॅचची चिठ्ठी दिली, तर चाळीस सेकंद पुरतात. चार टेबलांवर सत्तावीस मिनिटांत सगळी मुलं आत. म्हणून हजेरी पावणेदहा ते सव्वादहा ठेवा. कागदपत्रांची तपासणी परीक्षेनंतर, आणि ती फक्त पुढे गेलेल्या ४८ जणांची. बाकी ११२ मुलांच्या फायली उघडायचं कामच उरत नाही.

याचाच अर्थ नोटिशीत कागदपत्रांची यादी एक नको, दोन हव्यात. परीक्षेला बसायला कॉलेजचं ओळखपत्र किंवा आधार कार्ड, नोंदणी क्रमांक आणि पेन एवढंच लागतं. मुलाखतीला बायोडाटाच्या दोन प्रती, दोन फोटो, दहावीचं गुणपत्रक, बारावीचं किंवा डिप्लोमाचं गुणपत्रक आणि पदवीच्या आतापर्यंतच्या सगळ्या सेमिस्टरचे मेमो, झेरॉक्सचा एक संच. ‘सर्व मूळ कागदपत्रे’ असं मोघम लिहिलं की मुलं टीसी, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर अशी सगळी फाइल घेऊन येतात. खासगी कंपनीच्या पहिल्या दिवसाच्या निवडीत यातलं काहीच लागत नाही. एसटीत ती फाइल हरवली तर पुढचे कित्येक महिने ते पोरगं तहसीलच्या चकरा मारत राहतं.

मूळ कागदांबाबत आपल्या जिल्ह्याची एक अडचण बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. दिवाळीनंतर बरीच घरं ऊसतोडीला गेलेली असतात. घराला कुलूप, दहावीचा मूळ मेमो पेटीत, आणि पेटीची किल्ली आईजवळ, पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कुठल्या तरी फडावर. तुम्ही ड्राइव्हच्या दोन दिवस आधी नोटीस काढली तर या मुलाने करायचं काय? म्हणून नोटीस किमान आठ दिवस आधी काढा आणि ‘मूळ गुणपत्रक नसल्यास डिजीलॉकरमधील प्रत चालेल’ हे वाक्य कंपनीकडून मंजूर करून घेऊन त्यात टाका. राज्य मंडळाची दहावी-बारावीची गुणपत्रकं डिजीलॉकरवर मिळतात आणि तिथली प्रत कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीची आहे. अडचण एवढीच की डिजीलॉकर आधारला जोडलेल्या मोबाइल क्रमांकावर ओटीपी पाठवतं, आणि तो क्रमांक बहुतेक वडिलांचा असतो. हे मुलांनी आदल्या आठवड्यातच करून ठेवावं, असं नोटिशीत लिहा.

मूळ कागद दाखवायचे असतात, जमा करायचे नसतात. हेही नोटिशीत लिहा. एखादा माणूस ‘राहू द्या, रुजू होताना परत मिळतील’ म्हणाला, तर मुलांच्या हातात दाखवायला तुमच्या सहीचं वाक्य असलं पाहिजे.

तपासणीच्या टेबलावर सगळ्यात जास्त वेळ नावात जातो. दहावीच्या मेमोवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी. हा नुसता क्रमाचा फरक, त्यावर कुणी अडत नाही. पण इंग्रजी स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं असेल, वडिलांचं नाव एका कागदावर पूर्ण आणि दुसऱ्यावर नुसतं अक्षर असेल, किंवा लग्न झालेल्या मुलीचं आधारवरचं आडनाव बदललेलं असेल, तर नेमणूकपत्राच्या वेळी घोळ होतो. नोटिशीत एकच नियम ठेवा: नोंदणी अर्ज आणि बायोडाटा या दोन्हींवर दहावीच्या गुणपत्रकाप्रमाणेच नाव लिहायचं. आधारवर वेगळं असेल तर तसं टेबलावर आधी सांगायचं, म्हणजे एचआर तिथेच नोंद करून घेतो.

आता पात्रता. तुमच्या कंपनीची अट ‘सर्वत्र ६० टक्के’ अशी असेल, तर दोन मुलं या वाक्यापाशी अडकतील.

पहिला म्हणजे डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला. त्याच्याकडे बारावीचं गुणपत्रक नाही आणि पदवीच्या पहिल्या दोन सेमिस्टरचे मेमो नाहीत. नोटिशीत ‘दहावी, बारावी, सर्व सेमिस्टर’ असं वाचून तो स्वतःला अपात्र समजतो आणि येतच नाही. उत्पादन क्षेत्रातल्या कंपन्यांना तर डिप्लोमाचं काम हाताखालून गेलेली मुलं हवी असतात. ‘बारावी किंवा डिप्लोमा’ आणि ‘थेट द्वितीय वर्ष प्रवेश असल्यास तिसऱ्या सेमिस्टरपासून’ एवढे शब्द घातले की प्रश्न मिटतो.

दुसरी म्हणजे सीजीपीए ६.५ असलेली मुलगी. तिचे टक्के किती? सीजीपीएला सरळ दहाने गुणलं तर ६५, ती पात्र. आधी ०.७५ वजा करून मग दहाने गुणलं तर ५७.५, ती अपात्र. दोन्ही पद्धती वापरात आहेत, आणि पूल ड्राइव्हला वेगवेगळ्या विद्यापीठांशी संलग्न असलेली मुलं एकत्र येतात. प्रत्येकाने आपापल्या सोयीचं सूत्र लावलं तर तपासणीच्या टेबलावर भांडण होतं, आणि निवड झाल्यावर टक्के जुळले नाहीत तर कंपनी नेमणूक मागे घेते. उपाय असा की मुलांनी टक्के काढूच नयेत. अर्जात सीजीपीए जसा छापलाय तसाच लिहायचा. टक्के तुमचं ऑफिस काढेल, ज्या त्या विद्यापीठाच्या लेखी सूत्राने, आणि ते सूत्र तुम्ही कंपनीला मेलवर आधीच कळवलेलं असेल. हे सगळं नोंदणीच्या वेळी व्हायला हवं, ड्राइव्हच्या सकाळी नाही.

राहिलेल्या विषयांबद्दलही कंपनीचं म्हणणं नेमकं लिहून घ्या. ‘आज एकही विषय राहिलेला नको’ आणि ‘कधीच राहिलेला नको’ या दोन वेगळ्या अटी आहेत. पुनर्मूल्यांकनाचा निकाल यायचा असेल त्या मुलांना बसू द्यायचं की नाही हेही विचारा. छापील मेमो आला नसेल तर ऑनलाइन निकालाची प्रिंट कॉलेजच्या शिक्क्यासह चालते, पण तो शिक्का मारायला ऑफिस ड्राइव्हच्या आधी दोन दिवस उघडं आणि माणूस जागेवर हवा. शिक्षणात खंड असलेल्या मुलांकडून सरसकट स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र मागू नका. बऱ्याच कंपन्या पहिल्या दिवशी ते मागत नाहीत आणि मुलांचा पैसा विनाकारण जातो. साध्या कागदावर स्वतःच्या सहीचं कारण पुरतं. निवड झाल्यावर कंपनीने मागितलं तर मग करता येतं.

कपड्यांवर मला थोडं ठासून बोलायचंय. ‘फॉर्मल ड्रेस सक्तीचा’ एवढंच लिहिलं की मुलं ब्लेझर, टाय, नवे काळे बूट यांच्या मागे लागतात. भाड्याने आणतात, उसने घेतात, घरी पैसे मागतात. ट्रेनी इंजिनिअर घ्यायला आलेल्या कारखान्याच्या पॅनलला यातलं काही नको असतं. त्यांना स्वच्छ, इस्त्रीचा, फिक्या रंगाचा शर्ट आणि गडद पँट दिसली की पुरे. मुलींना सलवार-कुर्ता चालतो, शर्ट-पँट चालते, साडीची गरज नाही. तुमच्या कॉलेजला गणवेश असेल तर ‘कॉलेजचा गणवेश पूर्णपणे चालेल’ हे वाक्य नोटिशीत सगळ्यात आधी टाका, कारण ज्याच्याकडे दुसरा जोड नाही तो हेच वाक्य शोधत असतो. जीन्स, टी-शर्ट, चप्पल नको, हेही सरळ लिहा. पगडी, हिजाब, मंगळसूत्र यांवर नोटिशीत काहीही बंधन घालू नका, तो तुमचा विषय नाही.

बुटांचं कारण मात्र मुलांना सांगा. निवड झालेल्यांना पुढची फेरी कारखान्यात असू शकते, आणि तिथे शॉप फ्लोअरवर उघड्या पायाने, लोंबती ओढणी किंवा अंगठ्या घालून जाऊ देत नाहीत, कारण उघड्या पायाला इजा होते आणि ओढणी, अंगठ्या फिरत्या मशीनमध्ये अडकतात. तो नियम कॉलेजमधल्या फेरीला लागू नाही. तिथे बंद सँडलही चालतील. वसतिगृहात एक इस्त्री आणि पॉलिशची डबी आदल्या रात्री ठेवली तर अर्ध्या मुलांची अडचण सुटते.

हे सगळं धरून नोटीस साधारण अशी होईल. तारखा आणि नावं तुमची टाका.

सूचना क्रमांक __ , दिनांक __
कॅम्पस ड्राइव्ह: (कंपनीचे नाव), पद: (पदाचे नाव), कामाचे ठिकाण: वाळूज
दिनांक व वार: __
हजेरी: सकाळी ९.४५ ते १०.१५, मुख्य इमारतीचे गेट. सादरीकरण १०.३० वाजता.
परीक्षा: पहिली बॅच ११.३०, दुसरी १२.४५, तिसरी २.००. आपली बॅच सोबतच्या यादीत पाहावी.
मुलाखती दुपारी १ पासून बॅचनुसार. कार्यक्रम संध्याकाळी ५ पर्यंत संपेल. परगावच्या विद्यार्थ्यांची मुलाखत त्यांच्या बॅचमध्ये आधी होईल.
उशीर झाल्यास: आपल्या बॅचची परीक्षा सुरू झाली असेल तर जागा असल्यास पुढच्या बॅचमध्ये बसता येईल. दुपारी २ नंतर प्रवेश नाही. वाटेत अडचण आल्यास या क्रमांकावर कळवावे: __
परीक्षेसाठी: ओळखपत्र किंवा आधार, नोंदणी क्रमांक, पेन.
मुलाखतीसाठी: बायोडाटा २ प्रती, फोटो २, दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि पदवीच्या सर्व सेमिस्टरच्या गुणपत्रकांचा एक झेरॉक्स संच (थेट द्वितीय वर्ष प्रवेश असल्यास तिसऱ्या सेमिस्टरपासून). मूळ गुणपत्रके फक्त दाखवण्यासाठी, ती कोणाकडेही जमा करू नयेत. मूळ प्रत नसल्यास डिजीलॉकरमधील प्रत चालेल.
नाव सर्वत्र दहावीच्या गुणपत्रकाप्रमाणे लिहावे. सीजीपीएचे टक्के स्वतः काढू नयेत.
पोशाख: कॉलेजचा गणवेश चालेल. अन्यथा स्वच्छ इस्त्रीचा शर्ट-पँट किंवा सलवार-कुर्ता, बंद बूट किंवा सँडल. ब्लेझर व टाय आवश्यक नाही.
या ड्राइव्हसाठी कोणतेही शुल्क नाही. कोणी पैसे मागितल्यास प्लेसमेंट सेलला कळवावे.

ही नोटीस फलकावर लावा आणि ग्रुपवर टाकताना नुसती पीडीएफ टाकू नका. गावात नेट चालत नसलं की ती उघडतच नाही, म्हणून तोच मजकूर मेसेजमध्ये लिहून टाका. वेळ बदलली तर जुना मेसेज पुसून नवा टाकताना वर ‘सुधारित’ आणि नवा सूचना क्रमांक लिहा, नाहीतर पुढे पाठवलेली जुनी नोटीस दुसऱ्या कॉलेजच्या ग्रुपवर फिरत राहते. आदल्या संध्याकाळी फक्त तीन ओळी पाठवा: हजेरीची वेळ आणि गेट, ओळखपत्र सोबत, आणि अडचण आल्यास कोणाला फोन करायचा. तो फोन सकाळी सातपासून उचलणारा माणूस ठरवून ठेवा, आणि तो माणूस तुम्ही असू नका, कारण त्या वेळेला तुम्ही लॅबमध्ये मशीन सुरू होतायत का ते बघत असाल.